हस्तमैथुन, 'धातू जाणं' आणि अशक्तपणा: शरीरातून खरंच काही कमी होतं का?

अनामिक_वाचक

नेहमीच्या आयडीने लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून नवीन आयडी काढलाय. प्रशासकांनी समजून घ्यावं.

वय २६. लग्न झालेलं नाही. गेले काही महिने सतत थकल्यासारखं वाटतं. कंबर भरून येते, वाचायला बसलो की लक्ष उडतं. दुपारी जेवणानंतर लघवीला गेलो की कधीकधी शेवटी पांढुरकं काहीतरी येतं. शौचाला जोर करावा लागला तर एखादा चिकट थेंबही येतो. वयात आल्यापासून हस्तमैथुनाची सवय आहे. त्यामुळेच धातू जातोय आणि अंगातली ताकद कमी होतेय असं मनाने घेतलंय.

मध्ये काही आठवडे पूर्ण बंद केलं होतं. पहिले काही दिवस फार छान गेले, चेहऱ्यावर तेज आलंय असंही वाटलं. मग एका रात्री राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी अंग पार मोडून गेल्यासारखं झालं आणि स्वतःची लाज वाटली ती वेगळीच.

पाप-पुण्याबद्दल विचारत नाहीये, ते माझं मी बघेन. मला एवढंच कळून घ्यायचंय की यातून शरीराचं खरोखर काही कमी होतं का, आणि होत असेल तर ते भरून येतं का. कृपया खिल्ली उडवू नका.

टवाळ_टोळभैरव

खिल्ली नाही, पण एक नोंद करतो. याने डोळे जातात असं आम्हालाही सांगितलं होतं. मला चष्मा लागला तेव्हा मी वर्षभर स्वतःला दोष देत होतो. नंतर लक्षात आलं की आमच्या घरात आजीपासून सगळ्यांनाच चष्मा आहे. मग आजीबद्दल भलतेसलते विचार करण्यापेक्षा आनुवंशिकतेवर विश्वास ठेवला.

कुंपणावरचा

हाहाहा, आजी!

रुमाल टाकून ठेवतो. मलाही उत्तर हवंय, पण धागा मी काढला नाही हे बरं झालं.

शिस्तप्रिय

थट्टा बाजूला ठेवा. हा विषय आपल्याकडे पूर्वीच्या लोकांनी नीट विचार करून मांडलेला आहे. अन्नापासून रस, रसापासून रक्त, मग मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र. सात पायऱ्या चढून तयार होणारी वस्तू. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो. ती रोज वाया घालवली तर अंगात काय राहणार?

मी स्वतः बंद केल्यापासून पहाटे उठतो, व्यायाम होतो, एकाग्रता वाढली आहे. अनुभवाचे बोल आहेत. धागाकर्त्याला पहिले काही दिवस छान वाटलं ते उगाच नाही. त्याने नेट लावून सोडून द्यावं.

खडूस_डॉक्टर

धागाकर्त्याने प्रश्न सरळ विचारलाय, तर उत्तरही सरळ देते. मी लैंगिक आरोग्याचे रुग्ण बघते आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्या तरुणांची माझ्याकडे कमतरता नाही.

आधी शिस्तप्रिय यांचा हिशोब खरा धरून बघू. एका वेळी साधारण तीन मिलिलिटर वीर्य जातं. एकाला चाळीस या भावाने ते १२० मिलिलिटर रक्त झालं. रक्तदानात एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात. म्हणजे तीन वेळा हस्तमैथुन केलं की एक रक्तदान. महिन्यातून दहा-बारा वेळा करणारा माणूस महिन्याला सव्वा-दीड लिटर रक्त गमावतोय, आणि तेही वर्षानुवर्षं. असा माणूस पांढराफटक पडला असता आणि त्याचं हिमोग्लोबिन तळाला गेलं असतं. ते मोजणं तर सगळ्यात सोपं आहे. यांची तपासणी केली की ते बहुधा व्यवस्थित निघतं.

आता प्रत्यक्षात काय जातं ते. वीर्याचा बहुतेक भाग पाणी असतो. त्यातला मोठा वाटा मूत्राशयामागच्या दोन पिशव्यांमधून येतो, त्याखालोखाल प्रोस्टेट ग्रंथीतून. वृषणातून आलेले शुक्राणू आकारमानाने अगदी थोडे, शंभरात दोन ते पाच भाग. प्रथिनं पाव ग्रॅमच्याही आत. थोडी फळशर्करा, थोडं जस्त, काही क्षार. हे पुढच्या जेवणात भरून निघतं, त्यासाठी काही खास खावं लागत नाही. शुक्राणूंचं म्हणाल तर वृषणात सेकंदाला हजाराच्या वर तयार होत असतात. बाहेर पडले नाहीत तर शरीर ते मोडून शोषून घेतं, किंवा झोपेत आपोआप बाहेर पडतात. कायमची साठवून ठेवायची कोठी शरीरात नाहीच, त्यामुळे 'बचत' ही कल्पनाच चुकीची आहे.

नंतर जी सुस्ती येते ती खरी आहे. त्या वेळी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि तासभर तरी वाढलेलं राहतं. झोप येते, इच्छा मावळते. पण 'दुसऱ्या दिवशी अंग मोडून गेलं' हे त्याने होत नाही. त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

धागाकर्ते, दोन प्रश्न. हे साधारण किती वाजता होतं? आणि झाल्यावर झोप लागते का?

अनामिक_वाचक

डॉक्टर, मनापासून आभार. रात्री उशिरा, एक वाजून गेल्यावर. नंतर झोप लागत नाही. पडून राहतो, परत केलं म्हणून स्वतःला शिव्या देतो, मग मोबाइलवर 'वीर्यनाशाचे दुष्परिणाम' वगैरे शोधत बसतो. तीन तर सहज वाजतात. सकाळी सातला उठावंच लागतं.

टवाळ_टोळभैरव

चार तास झोपून कुणाचंही अंग मोडेल भाऊ. त्याला धातूची काय गरज?

खडूस_डॉक्टर

टोळभैरव माझी फी बुडवणार.

पण मुद्दा तोच आहे. एक साधी गोष्ट करून बघा. वहीत तीन रकाने आखा. एकात आदल्या रात्री किती तास झोप झाली, दुसऱ्यात हस्तमैथुन झालं की नाही, तिसऱ्यात संध्याकाळी थकवा दहापैकी किती. तिसरा रकाना भरताना पहिल्या दोनांवर कागद ठेवा, नाहीतर मन आकडा जुळवून घेतं. महिनाभर लिहा. हस्तमैथुन होऊनही नीट झोप झाली अशा काही रात्री त्यात यायला हव्यात, आणि काहीही न करता जागरण झालेल्याही. थकवा कोणाच्या मागे चालतो ते त्यातून दिसेल.

बंद केल्यावर पहिले दिवस छान जातात, कारण तेवढे दिवस ती रात्रीची उलटतपासणी होत नाही. शिवाय आपण काहीतरी चांगलं करतोय याचा हुरूप असतोच. शिस्तप्रिय पहाटे उठतात म्हणजे वेळेवर झोपत असणार. व्यायामही करतात. उत्साह खरा आहे, फक्त त्याचं श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतंय.

शिस्तप्रिय

आमच्या अनुभवालाही तुम्ही जागरणात बसवलंत! बरं, टेस्टोस्टेरॉनचं काय? सात दिवस संयम ठेवला तर ते वाढतं हे शास्त्रीय संशोधन आहे. इंटरनेटवर कुठेही सापडेल.

तर्ककर्कश

सापडतं खरं, पण पूर्ण कोणी वाचत नाही. २००३ चा चिनी अभ्यास आहे तो. २८ पुरुष होते. सातव्या दिवशी पातळी मूळच्या सुमारे १४६ टक्के झाली, हे बरोबर. पण त्यानंतर संयम चालू ठेवूनही ती चढत गेली नाही, ठरावीक असा काही बदल दिसला नाही. म्हणजे तो अभ्यास खरा धरला तरी फायदा एका दिवसाचा. शिवाय तो शोधनिबंध पुढे मागे घेतला गेला. त्यावर आयुष्यभराचं ब्रह्मचर्य उभारायचं असेल तर पाया बघून घ्या.

वैद्य_सुनबाई

सात धातूंचा विषय निघालाच आहे, तर आयुर्वेद शिकलेली म्हणून थोडं बोलते. शिस्तप्रिय यांनी धातूंचा क्रम बरोबर दिलाय. पण चाळीस थेंबांचा भाव त्या क्रमात कुठेही नाही, तो चिकटवलेला आहे. आणि शुक्र म्हणजे फक्त बाहेर पडणारं वीर्य असं मानलेलं नाही. उसात रस किंवा तिळात तेल असतं तसं ते सगळ्या शरीरात व्यापून असतं, असं वर्णन आहे. मग तीन मिलिलिटर बाहेर गेलं म्हणून सातवा धातू संपला असं कसं होईल?

अतिरेक टाळावा असं सांगितलेलं आहे, ते मी नाकारत नाही. पण अतिरेक कुठलाही वाईटच. डॉक्टरबाईंच्या झोपेच्या मुद्द्याशी सहमत. निद्रा हा आमच्याकडे शरीराच्या तीन आधारांपैकी एक आहे.

शिस्तप्रिय

ब्रह्मचर्य हाही त्या तिघांतलाच एक आहे, हे सांगायचं राहिलं का?

वैद्य_सुनबाई

राहिलं नाही, तुम्ही सांगालच याची खात्री होती. :) आहेच तो. पण गृहस्थासाठी त्याचा अर्थ नियमात राहणं असाही घेतात. यावर आमच्यातच मतभेद आहेत. इथे आपण दोघं ते मिटवू शकणार नाही.

नवखा_बाबा

चांगला धागा. माझाही प्रश्न इथेच विचारतो. आम्ही वर्षभर बाळासाठी प्रयत्न करतोय. म्हणजे मी ठरावीक दिवसांसाठी वीर्य जपून ठेवावं ना? सध्या पंधरा-वीस दिवस साठवतो आणि मग प्रयत्न करतो.

खडूस_डॉक्टर

नवखा बाबा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर महत्त्वाचं आहे म्हणून देते. असं करू नका. फार दिवस थांबलं की संख्या वाढलेली दिसते, पण त्यात जुने, मंदावलेले शुक्राणू जास्त असतात. वीर्यतपासणीसाठीसुद्धा दोन ते सात दिवसच थांबायला सांगतात. पंधरा-वीस दिवस थांबल्यामुळे नेमका बीज सुटण्याचा काळच हुकत असेल. त्या दिवसांत एक दिवसाआड संबंध येऊ द्या. वर्ष झालं असेल तर दोघांची तपासणी करून घ्या. फक्त बायकोची नव्हे.

नवखा_बाबा

बाप रे. आभार. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

कुंपणावरचा

डॉक्टर, ते पांढुरक्या लघवीचं राहिलं. मलाही कधीकधी दिसतं (एका मित्राला म्हणायचं होतं). वीर्य नाही तर काय आहे ते?

खडूस_डॉक्टर

मित्राला सांगा, घाबरू नकोस.

जेवणानंतर लघवी गढूळ, पांढुरकी दिसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण फॉस्फेट. जेवणानंतर काही वेळ लघवीची आम्लता कमी होते आणि त्यात विरघळलेले फॉस्फेटचे क्षार बाहेर पडतात. काचेच्या भांड्यात ठेवली तर तळाशी खडूच्या भुकटीसारखा साका बसतो. प्रयोगशाळेत त्यात थोडं ॲसेटिक आम्ल टाकलं की ती लगेच नितळ होते. वीर्य किंवा पू असेल तर अशी होत नाही. पुढचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. फॉस्फेटचे कण, पूपेशी आणि शुक्राणू, तिन्ही तिथे स्पष्ट वेगळे ओळखू येतात.

शौचाला जोर केल्यावर येणारा चिकट थेंब हा प्रोस्टेट आणि त्यामागच्या पिशव्यांवर दाब पडून आलेला स्राव. प्रोस्टेट गुदाशयाला अगदी खेटून असते. बद्धकोष्ठ सुटलं की हा थेंबही बहुतेकदा थांबतो. आणि वीर्यपतनानंतरच्या पहिल्या लघवीत मार्गात राहिलेलं थोडं वीर्य येतंच, ती गळती नव्हे.

काळजी कधी करायची? लघवीला जळजळ, पिवळट किंवा दुर्गंधी असलेला स्राव, रक्त, ताप, वृषणात दुखणं यातलं काही असेल तर. तो संसर्ग असू शकतो. त्याला औषध लागतं आणि उशीर करून चालत नाही.

जरा_ऐका

यात एक भर घालतो, कारण आमच्या घरात हे घडलंय. माझ्या चुलतभावाला प्रचंड अशक्तपणा आला. वजन उतरलं, रात्रीतून अनेकदा लघवीला उठायचा. त्याने मनाशी ठरवलं की हे 'त्या' सवयीमुळे. लाजेपोटी घरी सांगितलं नाही. एका जाहिरातवाल्याकडून शक्तीची चूर्णं आणून गुपचूप खात राहिला. शेवटी चक्कर येऊन पडला, श्वास जोरजोरात चालू होता, तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर भयंकर वाढलेली. टाइप १ मधुमेह. आता इन्सुलिनवर छान आहे.

सवयीने त्याचं काही बिघडलं नव्हतं. सवयीलाच कारण मानून बसला, त्यात वेळ गेला. तहान, वजन उतरणं, सारखी लघवी ही लक्षणं तो रोज अनुभवत होता, पण सगळी एकाच खुंटीला टांगून मोकळा झाला होता.

खडूस_डॉक्टर

धाग्यातला सगळ्यात उपयोगाचा प्रतिसाद. धागाकर्ते, म्हणूनच तुम्हाला 'सगळं मनाचे खेळ' म्हणून मी घालवून देणार नाही. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, ब-१२ आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. थकव्याला ही नेहमीची कारणं आहेत.

मुक्ता_म्हणे

सगळा धागा पुरुषांचाच चाललाय, म्हणून लिहिते. बायकांना ही अपराधी भावना नसते असं समजू नका. आम्हाला तर याबद्दल बोलायला शब्दसुद्धा कोणी दिलेले नसतात.

मला अंगावरून पांढरं जायचं, महिन्याच्या मध्यावर जास्त. मी खात्रीने समजत होते की मी 'तसं' करते म्हणून हे होतंय, आणि पुढे मूल होणार नाही. कंबर दुखायची, तेही त्यातच जमा. कितीतरी वर्षांनी स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितलं की बीज सुटण्याच्या सुमाराला पातळ, पारदर्शक स्राव वाढणं अगदी नैसर्गिक आहे. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखा घट्ट स्राव असेल तरच तपासायचं. मूल न होण्याचा आणि हस्तमैथुनाचा काही संबंध नाही.

धागाकर्त्याच्या लघवीचं वाचलं आणि वाटलं, अरे, ही तर माझीच गोष्ट. शरीरातून काहीतरी पांढरं दिसलं की माणूस स्वतःच्या पापाचा पुरावा सापडल्यासारखा हबकतो.

कुंपणावरचा

+१. हे माझ्या बायकोला वाचायला देतो. मग मी हा धागा का वाचत होतो ते सांगावं लागेल, पण चालेल.

जुनी_वही

इतिहासाची थोडी आवड आहे म्हणून सांगतो. ही भीती फक्त आपल्याकडची नाही. १७६० मध्ये टिसो नावाच्या स्विस डॉक्टरने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. एक औंस वीर्य जाणं हे चाळीस औंस रक्त जाण्यापेक्षा जास्त दुर्बल करणारं, असा त्याचा सूर. चाळीसचा आकडा बघा, तिकडेही तोच! टिसो ऐरागैरा नव्हता, देवी टोचण्याच्या बाजूने लिहिणारा नावाजलेला डॉक्टर होता. म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला. पुढे शंभरेक वर्षं युरोप-अमेरिकेतले डॉक्टर वेडापासून क्षयापर्यंत सगळं याच्या माथी मारत होते. वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण हस्तमैथुन करताना दिसत, त्यावरून तेच वेडाचं कारण ठरवलं गेलं. बाहेरची शहाणी माणसं दार लावून करत होती, ती मोजणार कोण?

आपल्याकडच्या तक्रारीला 'धात सिंड्रोम' हे नाव मात्र भारतीय मनोविकारतज्ज्ञाचं, डॉ. विग यांचं, १९६० मधलं.

टवाळ_टोळभैरव

'मोजणार कोण' वाचून ऑफिसात हसू आवरलं नाही. आता बॉसला काय वाचत होतो ते सांगू?

एक_थकलेला

सगळे 'काही होत नाही, बिनधास्त राहा' म्हणताय, ते मला पटत नाही. माझं उदाहरण सांगतो. दिवसातून अनेकदा, ऑफिसच्या बाथरूममध्येसुद्धा. एकदा कामाची मुदत चुकली, बायकोशी संबंध जवळजवळ थांबलेत. तिच्यासोबत असताना शेवटपर्यंत पोचतच नाही. वीर्य किती मिलिलिटर आणि त्यात प्रथिनं किती, याने माझा प्रश्न सुटत नाही.

तर्ककर्कश

हे धागाकर्त्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं नवं वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं, त्यात स्वतःवर ताबा न राहणाऱ्या लैंगिक वर्तनाचा विकार आहे. पण तिथे स्पष्ट म्हटलंय की त्रास फक्त 'हे वाईट आहे' या नैतिक भावनेतून होत असेल, तर तेवढ्यावरून निदान करू नये. बघायचं ते हे, की कित्येक महिने प्रयत्न करूनही आवरता येत नाही का, आणि काम, घर, तब्येत यांचं नुकसान होतंय का. धागाकर्त्याचं होत नाहीये, त्याला अपराधी वाटतंय. तुमचं होतंय.

एक_थकलेला

म्हणजे मी रोगी. छान.

खडूस_डॉक्टर

थकलेला, एवढ्या चार ओळींवरून कोणीही निदान करू नये. तर्ककर्कश, तुम्हीही नाही. ताण, नैराश्य, एकटेपणा यावर उतारा म्हणून असं होऊन बसतं. तेव्हा मूळ दुखणं हाताळावं लागतं, नुसतं 'सोड' म्हणून सुटत नाही.

शेवटपर्यंत न पोचण्याबद्दल मात्र बोलता येईल. खूप घट्ट पकड, फार वेग, किंवा पालथं पडून गादीवर दाबून करायची सवय असेल तर शरीर तेवढ्याच दाबाला सरावतं. जोडीदारासोबत तसा दाब मिळत नाही. ही कायमची इजा नाही. काही आठवडे विश्रांती, मग हलक्या हाताने, सावकाश, पद्धत बदलून. बहुतेकांना फरक पडतो. नैराश्याची काही औषधंही हेच करतात. तुम्ही घेत असाल तर ती परस्पर बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

एक_थकलेला

घेतोय. वर्षभर. हे त्यामुळे असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. पण बाकीच्याचं काय ते मला अजून कळत नाहीये.

शिस्तप्रिय

बघा, शेवटी नुकसान होतं हे डॉक्टरांनीच मान्य केलं.

मुक्ता_म्हणे

शिस्तप्रिय, त्यांनी पकड घट्ट म्हटली, पाप घट्ट नाही म्हटलं.

तर्ककर्कश

उलट बाजूही सांगून टाकतो. २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे ३२ हजार पुरुषांचा १८ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. महिन्यातून २१ किंवा जास्त वेळा वीर्यपतन होणाऱ्यांमध्ये, चार ते सात वेळा होणाऱ्यांपेक्षा, प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे २० टक्के कमी आढळलं.

टवाळ_टोळभैरव

म्हणजे आता हे औषध म्हणून लिहून देणार? जेवणाआधी की जेवणानंतर?

खडूस_डॉक्टर

टोळभैरव, नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. 'केलंच पाहिजे' असं कोणाला वाटायला नको. ज्याला करायचं नाही त्याने करू नये, त्यानेही काही बिघडत नाही. शिस्तप्रिय, हे तुमच्यासाठी.

शिस्तप्रिय

एवढं मान्य. बाकी माझं मत कायम.

अनामिक_वाचक

उशिरा येतोय. तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड व्यवस्थित. ब-१२ कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू केल्यात. लघवीत 'अमॉर्फस फॉस्फेट्स' लिहून आलंय. पूपेशी नाहीत, शुक्राणू नाहीत.

वही लिहितोय. महिना भरायचाय, पण झोप सहा तासांच्या आत असली की थकवा सात-आठच्या पुढे जातो, हे आत्ताच दिसतंय. दुसऱ्या रकान्याशी तसं काही जुळत नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी झालं, रात्री लवकर झोपलो, दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. ते बघून जरा फसवल्यासारखंच वाटलं. इतकी वर्षं कशाला घाबरत होतो?

तरी खरं सांगतो, रिपोर्ट हातात असूनही लघवीला गेलो की आधी खाली बघतो. आणि झाल्यावर वाईट वाटतंच. कमी वाटतं, पण वाटतं. परत एकदा लघवी तपासावी का, दुसऱ्या लॅबमध्ये?

खडूस_डॉक्टर

नको. नवं लक्षण नसताना परत तपासली की दोन दिवस बरं वाटेल आणि मग तिसरी लॅब शोधाल. बघण्याची सवयसुद्धा या चक्राचाच भाग आहे, ती हळूहळू तोडायची. एकदम जमणार नाही. आधी एका वेळेला न बघता बाहेर या.

ब-१२ कमी असेल तर थकव्यात त्याचाही वाटा असू शकतो. त्यामुळे सगळं झोपेवर ढकलू नका, मीही ढकलणार नाही. तीन महिन्यांनी परत पातळी बघा. ती सुधारली, झोपही सुधारली आणि तरीही मन खालीच असेल, कशात रस वाटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. या तक्रारीसोबत नैराश्य किंवा चिंता असणं खूप वेळा आढळतं आणि ते उपचारांनी बरं होतं.

वाईट वाटण्याबद्दल: माहिती मिळाली की भीती लवकर जाते, लाज तेवढ्या लवकर जात नाही.

वैद्य_सुनबाई

आणि बद्धकोष्ठाचं बघा, ते सगळे विसरले. पाणी, चोथा असलेलं अन्न, ठरलेल्या वेळी जाणं. तो चिकट थेंब दिसायचा थांबला की निम्मी धास्ती आपोआप कमी होईल.

कुंपणावरचा

अमॉर्फस फॉस्फेट्स. 'मित्राला' कळवलं. त्याने लगेच धागा वाचनखुणांत साठवलाय.